साडेपाच तासांच्या अंतरावर पाठवायच्या भेटी

लग्नानंतर वर्षभरातच बायको मास्टर्ससाठी इंग्लंडला, लीड्सला गेली. मी कोल्हापुरात. १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या बहुतेक मास्टर्स कोर्सना तिथे जोडीदाराला डिपेंडंट म्हणून नेता येत नाही. संशोधनाचे कोर्स वगैरे मोजके अपवाद सोडले, तर ज्यांना शिकायचंय त्यांनी एकट्यानं जायचं. आमच्यासारखी कितीतरी जोडपी आता अशी राहताहेत. त्यांच्यातला कुणी ना कुणी दर थोड्या दिवसांनी विचारतो, "वाढदिवसाला काय पाठवू? फार खर्च झेपणार नाही." म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

माझं मत स्पष्ट आहे. ऑनलाइन केक आणि फुलांवर पैसे घालवू नका. डिलिव्हरीवाला येतो, फोटो निघतो, संध्याकाळपर्यंत सगळं आटोपतं. तुमच्यातलं खरं अंतर घड्याळाचं असतं. मी सकाळी उठतो तेव्हा तिच्याकडे मध्यरात्र उलटलेली असते, आणि ती दमून घरी येऊन कुकर लावते तेव्हा माझे डोळे मिटायला आलेले असतात. भेट या फटीत बसणारी हवी आणि रोज हाताशी येणारी हवी.

सगळ्यात चांगली ठरलेली भेट म्हणजे दोन सारखी मनगटी घड्याळं. एक माझ्या हातात, एक तिच्या. भारताची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि या अर्ध्या तासामुळेच एक गंमत जमते: काट्यांचं घड्याळ वरची बाजू खाली करून उलटं धरलं की तिकडची वेळ दिसते. माझ्याकडे दुपारचे बारा वाजलेत, घड्याळ उलटं केलं, दोन्ही काटे सहावर. तिकडे साडेसहा. सकाळचे. अजून झोपलीय, फोन नको.

तासकाटा मात्र थोडा फसवतो. घड्याळ उलटं केल्यानं तो सहा तासांनी फिरतो आणि फरक आहे साडेपाचाचा, त्यामुळे तासकाटा अर्धा तास मागे राहतो. मिनिटकाटा अचूक असतो. रात्री साडेनऊला मी घड्याळ उलटं करतो तेव्हा मिनिटकाटा बारावर येतो आणि तासकाटा तीन-चारच्या मधोमध. अशा वेळी पुढचा आकडा धरायचा, म्हणजे चार. आपल्याकडे 'साडे' वाजून गेले असतील तर पुढचा तास, नसतील तर काटा ओलांडून आलाय तोच. तिच्या बाजूनं हिशेब उलटा: तिच्याकडे अर्धा तास व्हायच्या आत असेल तर तिनं एक आकडा मागचा धरायचा. दोन-चार दिवसांत नजर बसते.

आणि हे सगळं फक्त हिवाळ्यात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत. उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळं तासभर पुढे जातात, फरक साडेचार तासांचा होतो. तेव्हा उलट्या घड्याळात दिसेल त्यात एक तास मिळवायचा. जर्मनी किंवा अमेरिकेतल्या जोडीदारासाठी ही युक्ती जशीच्या तशी चालणार नाही. आयर्लंड आणि पोर्तुगालला चालते, त्यांची वेळ ब्रिटनबरोबर असते.

घड्याळ घेताना डायलवर आकडे नकोत, नुसत्या रेघा हव्यात. उलटे आकडे वाचताना डोकं फिरतं. तारखेची खिडकीही नको. जुन्या बाजारातली एचएमटी बघून मन हलतं, पण त्यातल्या कितीतरींचे डायल नव्यानं रंगवलेले असतात, आणि सर्व्हिसिंगचा खर्च घड्याळापेक्षा जास्त होऊ शकतो. शिवाय चावीचं घड्याळ रोज थोडं पुढे-मागे जातं. साधं बॅटरीवालं घ्या, दोन्ही मिळून हजार-बाराशेत येतात.

दुसरी भेट फुकटची आहे आणि माझ्या मते घड्याळाइतकीच मोलाची. मी तिला पुस्तक वाचून दाखवतो, रेकॉर्ड करून. सकाळी घर शांत असताना दहा-बारा मिनिटं. ते ती तिच्या संध्याकाळी ऐकते, भाजी चिरताना नाहीतर बसमध्ये. तेव्हा इकडे मध्यरात्र असते आणि मी गाढ झोपेत, पण तिच्या स्वयंपाकघरात माझा आवाज असतो. रोजच्या व्हॉइस नोटपेक्षा हे वेगळं आहे, कारण यात प्रश्न नसतो. "जेवलीस का? फोन का नाही केलास?" अशा नोटला उत्तर द्यावं लागतं, आणि दमलेल्या माणसाला ते ओझं होतं. वाचनाला उत्तर लागत नाही. म्हणून मी त्यात एकही प्रश्न विचारत नाही, हा माझा नियम आहे.

रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा, कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा, म्हणजे आवाज घुमत नाही. फोन तोंडासमोर न धरता वीतभर बाजूला ठेवा, नाहीतर 'प' आणि 'फ' फटाफट फुटतात. फोनच्या रेकॉर्डरवर करून फाईलला तारखेचं नाव द्या आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉइस नोट शंभर गप्पांखाली गाडली जाते. एक प्रत ड्राइव्हवर ठेवा, फोन बदलला तरी राहील.

पार्सल पाठवायचंच असेल तर आमच्याकडून कांदा-लसूण मसाला जातो, पाव किलो, दोन जाड पिशव्यांत सीलबंद. पेढे, बर्फी, तूप नको. भारतातून ब्रिटनमध्ये वैयक्तिक सामानातही दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत, सापडले तर काढून घेतात. माणसानं माणसाला पाठवलेल्या भेटीची किंमत ३९ पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण साडेचार हजार रुपयांपर्यंत असेल तर तिथे व्हॅट लागत नाही. त्यावर गेली की बहुतेक वस्तूंवर २० टक्के व्हॅट आणि वर हाताळणीचे पैसे, तेही घेणाऱ्याकडून. ४५ पौंडांची भेट पाठवाल तर तिला ती सोडवायला साधारण नऊ पौंड व्हॅट आणि वरचे पैसे मोजावे लागतील. शिकणाऱ्या मुलीच्या आठवड्याच्या किराण्यातून ते जातात. पोस्टातल्या कस्टम्सच्या फॉर्मवर 'भेट' लिहा, प्रत्येक वस्तू आणि तिची खरी किंमत लिहा. नुसतं 'खाऊ' लिहिलं की पार्सल उघडण्याची शक्यता वाढते.

तो मसाला इथेही आमच्या डब्यात असतो. रविवारी तिचे दुपारचे बारा आणि माझे संध्याकाळचे साडेपाच, दोघांकडे गॅसवर पिठलं. फोन ओट्याला टेकवून ठेवायचा. बोललंच पाहिजे असं नाही. तिच्या फोडणीत मसाला करपला तर मला इथे तडतड ऐकूनच कळतं.

वाढदिवसाबद्दल एवढंच: तुमच्याकडे बारा वाजले की फोन करू नका. तेव्हा तिकडे हिवाळ्यात आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा असतात आणि माणूस बसच्या गर्दीत असतो. तिच्या मध्यरात्री करा, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला, उन्हाळ्यात साडेचारला. गजर लावा, चूळ भरून आवाज मोकळा करा आणि मगच फोन लावा.