मंगळवारची मीटिंग एक तास अलीकडे कशी आली

★☆☆☆☆
"दर मंगळवारी संध्याकाळी साडेसात ते साडेआठ खोली बुक केली होती. आम्ही, लंडन आणि न्यूयॉर्क. वेळसुद्धा तुमच्याच डेस्कवरच्या मुलाने मीटिंग प्लॅनरवर काढून दिली. 10 मार्चला मीटिंग साडेसहालाच सुरू झाली, खोलीत दुसरेच लोक. आम्ही चौघं पॅसेजमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. वर उत्तर काय, तर 'सिस्टिममध्ये साडेसातच आहे'. बाणेरला यापेक्षा बऱ्या जागा आहेत."

नमस्कार मॅडम,

त्या दिवशी तुम्हाला जे उत्तर मिळालं, ते द्यायला नको होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. त्या तासाचे पैसे परत केले आहेत. नेमकं काय घडलं तेही सविस्तर सांगतो, कारण ऑक्टोबरमध्ये हाच प्रश्न पुन्हा येणार आहे.

आमच्या मुलाने 3 फेब्रुवारीला प्लॅनर उघडला, तीन शहरं भरली आणि तारखेच्या चौकटीत आपोआप आलेली त्याच दिवसाची तारीख तशीच राहू दिली. फेब्रुवारीपुरतं उत्तर बरोबरच होतं. न्यूयॉर्क तेव्हा आपल्या साडेदहा तास मागे होतं आणि लंडन साडेपाच तास. म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे 9, लंडनचे दुपारचे 2 आणि पुण्याचे संध्याकाळचे साडेसात. पुण्याचं ऑफिस 10 ते 7 धरलं, तर तिघांच्या कामाच्या वेळेत एकही मिनिट सामाईक नव्हतं. म्हणून तुम्ही साडेआठपर्यंत, म्हणजे दीड तास जास्त थांबायचं कबूल केलंत.

8 मार्चच्या रविवारी अमेरिकेने घड्याळं एक तास पुढे केली. तिथे हे मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतं. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी होतं, म्हणजे यंदा 29 तारखेला. आपण घड्याळाला हातच लावत नाही. प्लॅनरमध्ये 10 मार्च ही तारीख टाकली असती, तर न्यूयॉर्कच्या 9 समोर पुण्याचे साडेसहा आणि लंडनचा 1 लगेच दिसला असता. दर आठवड्याची मीटिंग ठरवताना तारीख बदलून पाहायला हवी, हे आमच्या लक्षात आलं नाही. चूक आमची.

पण मीटिंग पुण्याच्या साडेसातलाच का टिकली नाही? तुम्ही डेस्कवर दाखवलेल्या इन्व्हाइटमध्ये वेळेखाली America/New_York असं होतं, म्हणजे ते तिकडच्या सहकाऱ्याने तयार केलेलं. अशी मीटिंग न्यूयॉर्कच्या 9 ला बांधलेली राहते आणि बाकीच्या शहरांची वेळ तिच्यामागे सरकते. आमचं बुकिंग मात्र पुण्याच्या घड्याळाला बांधलेलं. फेब्रुवारीभर दोन्ही जुळत होती, त्यामुळे कुणालाच काही जाणवलं नाही. इन्व्हाइट Asia/Kolkata वर असतं (यादीत पुणे बहुधा सापडत नाही, कोलकाता निवडायचं), तर तुम्ही साडेसातलाच बसला असता आणि न्यूयॉर्कचे लोक 10 ला आले असते.

माझं मत विचाराल, तर इन्व्हाइट न्यूयॉर्कवरच राहू द्या. साडेसहा ही तुमच्या सोयीची वेळ आहे. साडेसहा ते सात हा अर्धा तास आता तिघांच्याही ऑफिसच्या वेळेत बसतो, आणि मीटिंग संपवून हिंजवडीच्या बाजूला घरी जाणाऱ्यांचा एक तास वाचतो. अडचण लंडनच्या सहकाऱ्यांची आहे. 10, 17 आणि 24 मार्च हे तीन मंगळवार त्यांना दुपारी 1 ला बसावं लागतं, नेमकं जेवणाच्या वेळी. 31 मार्चपासून त्यांचे पुन्हा 2 वाजतील. उरलेल्या मंगळवारांबद्दल त्यांना आधी विचारून घ्या. त्यांना जमत नसेल, तर तेवढ्यापुरती मीटिंग साडेसातला न्या. ती वेळही मी 24 तारखेपर्यंत तुमच्यासाठी अडवून ठेवली आहे, त्याचे पैसे नाहीत.

17 मार्चपासून 27 ऑक्टोबरपर्यंतचे सगळे मंगळवार साडेसहा ते साडेसात तुमच्या नावावर केले आहेत. त्या वेळचा गट वरच्या मजल्यावरच्या खोलीत जायला तयार झाला आहे. 27 ऑक्टोबर मुद्दाम लिहून ठेवा. ब्रिटन 25 ऑक्टोबरला घड्याळं मागे घेतं, अमेरिका 1 नोव्हेंबरला. म्हणून त्या एका मंगळवारी लंडनचा पुन्हा 1 वाजेल आणि तुमचे साडेसहाच राहतील. 3 नोव्हेंबरपासून तुमची वेळ साडेसात होईल. तेही बुकिंग आजच करून ठेवलं आहे.

आता डेस्कवर कुणी परदेशातल्या लोकांसोबतच्या मीटिंगसाठी दर आठवड्याची खोली मागितली, की मुलं आधी इन्व्हाइट कोणत्या शहराच्या वेळेवर आहे ते विचारतात. मग प्लॅनरमध्ये पहिली तारीख, मार्चअखेरची आणि नोव्हेंबरमधली अशा तीन तारखा टाकून पाहतात.

मंगळवारी सव्वासहाला मी स्वतः डेस्कवर असेन. चौघांचा चहा आमच्याकडून.