बॉटम २२, गुडघा २४

आमच्या कोल्हापुरात पोरी 'मी आलो, मी जेवलो' असंच म्हणतात हे आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालंय, पुण्याला गेलं की लोक मुद्दाम बोलायला लावतात आणि हसतात. त्यामुळं खाली मी 'गेलो', 'बसलो' लिहिलंय म्हणून कुणी गोंधळू नका, मी बाईच आहे, मंगळवार पेठेतली आहे, आणि ज्या गावात 'मी'च्या क्रियापदाला लेडीज-जेंट्स नाही त्या गावात मला एक साधा कोट शिवून घ्यायला तीन महिने लागले कारण टेलरच्या पावतीबुकाला मात्र आहे.

तर भावाचं रिसेप्शन. आईचं म्हणणं पैठणी, माझं म्हणणं सूट. म्हणजे सरळ पडणारा, खांद्यात ताठ ब्लेझर आणि खाली चांगली रुंद, प्लेटवाली पँट. फोनवर फोटो होता. मला वाटलं फोटो दाखवला की संपलं.

पहिलं दुकान लेडीज टेलरचं. मी म्हटलं, "थोडा लूज पायजे, बॉयफ्रेंड ब्लेझर म्हणतात बघा." तो टेप गळ्यात अडकवून शांतपणे म्हणाला, "मग त्यांचं माप आणलंय काय?"

हसलो, पण तिथंच कळायला पायजे होतं. आठवड्यानं जो कोट आला त्याला पुढं खांद्यापासून खालपर्यंत लांब कळ्या, कंबर ३३ वर आणून आवळलेली, लांबी २४, म्हणजे बरोब्बर सीटच्या सगळ्यात रुंद जागेच्या वर संपलेला. पँटच्या नावाखाली इलॅस्टिकचा पलाझो. मी विचारलं कंबर का आवळली, तर म्हणे "लेडीजला शेप द्यावाच लागतो की." खिसे विचारले तर म्हणे "खिशानं फुगतं." एकूण मी एखाद्या विमान कंपनीच्या काउंटरवर उभा असल्यासारखा दिसायलो होतो, फक्त स्कार्फ कमी.

दुसरं दुकान जेंट्सचं. इथं मी शहाणा झालो होतो, म्हटलं "काही शेप-बिप नको, सरळ जेंट्ससारखाच शिवा." त्यांनी अगदी शब्दशः ऐकलं. पुरुषाच्या कटिंगचा तयार कागद कापडावर ठेवला, कापला. खांदा साडेसतरा. माझा खांदा हाडापासून हाडापर्यंत १५ आहे. बाहीच्या वरच्या टोकाला खड्डा पडलेला, छातीपाशी लॅपल पुस्तकासारखा उघडा, पुढचा घेर वर उचललेला, आणि मजा म्हणजे एवढा ढगळ कोट सीटवर मात्र बसेना, मागचा कट दोन्हीकडं फाकलेला. बाबा म्हणाले, "वरातीत वाजवायला जाणार आहेस काय?"

आता दोघांची चूक म्हणावी तर तशी नाहीच. दोघांनाही मी माप सांगितलंच नव्हतं, विशेषणं सांगितली होती. 'लूज', 'सरळ', 'जेंट्ससारखा', 'थोडा हटके'. विशेषण ऐकलं की टेलर कपाटातला पाठ असलेला कागद काढतो, आणि कपाटात दोनच गठ्ठे असतात.

तिसरे मास्तर शाहूपुरीतल्या एका बोळात. वय सत्तरीकडं, चष्मा कपाळावर, दुकानात एक मशीन आणि एक रेडिओ. मी दोन्ही कोट पिशवीतनं काढून टेबलावर टाकले. त्यांनी ते उलटेपालटे केले, अस्तर बघितलं, आणि पावतीबुक उघडून विचारलं, "लेडीज का जेंट्स?"

मी म्हटलं, "मास्तर, ते सोडा. आकडे सांगतो."

"सांग की मग."

आणि आकडे माझ्याकडं नव्हतेच. मग त्यांनीच घेतले. छाती ३६, कंबर ३०, सीट ४०, खांदा १५. कागदावर लिहून माझ्याकडं सरकवले आणि म्हणाले, "हे तू झालीस. आता कोट किती पायजे ते सांग." हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. शरीराचं माप वेगळं आणि तयार कपड्याचं वेगळं, मधली जी सैल जागा असते तिथंच कपडा बाईचा, बाप्याचा किंवा कुणाचाच नाही हे ठरतं. छाती, कंबर, सीट तिन्हीला सारखी दोन-दोन इंच जागा सोडली की शरीराचा आकार जसाच्या तसा वर उमटतो. मला सरळ रेघ पायजे होती, मग तिन्ही ठिकाणी जागा वेगवेगळी सोडावी लागणार.

आणि रेघ कुठनं सुरू करायची? मी आपला छातीवर बोट ठेवलं. मास्तरांनी मान हलवली. "तुझी सगळ्यात रुंद जागा सीट. कोट तिच्यावरनं ओघळून गेला पायजे, मग वरचं ठरवायचं." म्हणजे तयार कोट सीटला साडेत्रेचाळीस, कंबरेला ४०, छातीला ४१. कंबर आणि छातीत एका इंचाचा फरक, लांबनं बघितलं तर सरळ. जेंट्सवाल्याचा कागद पुरुषाचा, त्यात छाती मोठी नि सीट कमी, म्हणून तो वर ढगळ आणि खाली टाईट झाला होता. लांबी २८, सीट पूर्ण झाकेल एवढी. माझी उंची पाच फूट दोन इंच, फोटोतली बाई पावणेसहा फुटाच्या आसपास असणार, तिची लांबी मला घातली असती तर शेरवानी झाली असती.

खांदा १६. हाडाच्या बाहेर दोन्हीकडं अर्धा-अर्धा इंच, पातळ पॅड. 'ताठ' हा शब्द मी तोपर्यंत कापड ताठ या अर्थानं वापरत होतो. ताठपणा खांद्यात आणि छातीच्या आतल्या कॅनव्हासमध्ये असतो, खालचं कापड नुसतं तिथनं लोंबतं, त्यामुळं कंबर न आवळतासुद्धा कोट गबाळा दिसत नाही. मी ऐकीव ज्ञान पाजळलं, "मास्तर, १९६६ ला पॅरिसमध्ये इव्ह सँ लोराँनं बायकांसाठी टक्सिडो काढला, तोही पुरुषाचा उचलून नाही दिला, बाईच्या अंगावर नव्यानं कापला." मास्तरांनी खडू कानावर ठेवला. "ट्रायल किती घेतल्या?" ते मला माहीत नव्हतं. "आपण तीन घेऊ."

खरा वाद झाला टकावरनं, म्हणजे आकार यावा म्हणून कापडाला आतनं चिमटीसारखी शिवण घालतात तिच्यावरनं. मी म्हटलं टक नकोच, टक आला की लेडीज झालं. मास्तरांनी दुसऱ्या दुकानातला कोट माझ्या अंगावर चढवला आणि उघडा पडलेला लॅपल नि उचललेला घेर बोटानं दाखवला. "छातीला उंचवटा आहे, कापड सपाट आहे. ते कुठंतरी उचलणारच." मग त्यांनी टक घेतला, पण तो बाहेर दिसणारच नाही असा, गळ्याच्या रेघेतनं निघून लॅपलच्या खाली लपलेला, टोक छातीकडं आणि तिथंच संपलेलं. कंबरेपर्यंत गेलेलाच नाही. छातीला जागा देणारा टक वेगळा आणि कंबर दाखवणारा टक वेगळा, हे मला दोन कोट वाया घालवल्यावर कळलं. दोन्हीला आपण 'फिटिंग' म्हणतो आणि तिथंच घात होतो.

बटणाचं फार ताणलं नाही. जेंट्सला डावी बाजू वर, लेडीजला उजवी. मास्तर म्हणाले "आता हे तरी सांग." मी उजवा हात आत घालून फोन काढून दाखवला, डावी वर ठेवा, आतला खिसा डाव्या बाजूला. विषय संपला.

पँटला मात्र मजा आली. 'रुंद पँट' म्हटल्यावर मास्तर एकदम तरुण झाले, म्हणाले आमच्या वेळी २६ बॉटम शिवलेत, रस्ता झाडत जायची पोरं. मी म्हटलं बेलबॉटम नको. "मग गुडघा किती?" मला वाटायचं रुंदी म्हणजे फक्त बॉटम. गुडघ्यापेक्षा बॉटम मोठा तर बेलबॉटम, दोन्ही सारखे तर नळकांडं, आणि गुडघा थोडा मोठा असेल तर ती सीटवरनं सरळ पडल्यासारखी दिसते. मग गुडघा २४, बॉटम २२. कंबर बेंबीच्या रेघेवर, पुढं दोन-दोन प्लेट, मागं एकेक टक, कारण ३० आणि ४० मधला दहा इंचाचा फरक कुठंतरी जिरवायला पायजे आणि पलाझोवाला तो इलॅस्टिकमध्ये जिरवतो.

पहिल्या ट्रायलला प्लेटा उभ्याउभ्याच उघडल्या आणि खिसे कानासारखे बाहेर आले. मी लगेच, "कंबर टाईट झाली." मास्तर, "कंबर बरोबर आहे, सीट कमी पडली." कंबरेत दोन बोटं आरामात जात होती, म्हणजे खरंच सीट. शिवणीच्या आत जादा कापडाचा दाब ठेवला होता म्हणून वाचलो, सीट ४२ ची ४३ झाली आणि प्लेटा झोपल्या. कापड मी आधी पातळ कॉटन नेलं होतं, ते त्यांनी परतच पाठवलं, म्हणे रुंद पँटला वजन पायजे नाहीतर वाऱ्यात पतंग. लांबी मापायला चप्पल घालून ये म्हणाले. मी कोल्हापुरी घालून गेलो, जमिनीपासून अर्धा इंच वर.

कोटाच्या शेवटच्या ट्रायलला त्यांनी मला भिंतीला दंड टेकवून उभा केला. खांद्याचा पॅड आधी भिंतीला लागला तर खांदा मोठा, दंड आधी लागला तर बरोबर. मी बोळाकडं तोंड करून तिरका उभा, आणि समोरनं आमची शेजारीण काकू भाजीची पिशवी घेऊन चाललेली. "काय गं, चक्कर आली काय?"

दंड आधी लागला.

पावती करताना मास्तर पुन्हा लेडीज-जेंट्सच्या रकान्यापाशी अडकले, मग मधल्या रेघेवरच 'कोट पँट १' लिहून मोकळे झाले.

रिसेप्शनला आत्यानं पहिला प्रश्न केला, "भावाचा घातलायस व्हय?" मी म्हटलं माझाच आहे. तिला पटेना. घरी आल्यावर बाबांनाही पटेना, "सरळच तर आहे, मलापण होईल" म्हणून त्यांनी घालून बघितला. एक हात गेला, दुसरा कोपरापर्यंत गेला आणि खांद्यात असा अडकला की बाबांना ना पुढं जाता येईना ना मागं. भाऊ एका बाहीला, मी दुसऱ्या, नवी वहिनी पदर तोंडाला लावून कोपऱ्यात, आणि आई आतनं ओरडायली, "अरे बाबांचं राहू दे, शिवण बघा आधी!"