‘नेहमी’ला नेहमी फुली मारू नये

प्रश्न पहिला : ‘प्रकल्प हा नेहमी तात्पुरता असतो.’ चूक की बरोबर?

चौकातल्या अर्धवट उड्डाणपुलाखालून रोज जाणाऱ्या माणसाचा हात आपोआप ‘चूक’कडे जातो. त्यातून क्लासमध्ये कुणीतरी कानमंत्र दिलेला असतो : ‘नेहमी’, ‘कधीच नाही’, ‘फक्त’, ‘सर्व’ असले शब्द दिसले की डोळे मिटून ‘चूक’ लिहायचं. अनुभव आणि कानमंत्र दोन्ही एका बाजूला, आणि उत्तर निघतं ‘बरोबर’. तात्पुरता म्हणजे लवकर संपणारा नव्हे. ज्याला सुरुवात आहे आणि शेवट ठरलेला आहे, तो तात्पुरता. तो शेवट किती वेळा पुढे ढकलला, हे व्याख्या विचारत नाही.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे पेपर मी सोडवलेही आहेत आणि काढलेही आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंची पापं मला माहीत आहेत. पेपर काढणाऱ्यालाही तो कानमंत्र ठाऊक असतो. म्हणून दहा विधानांत एखादा ‘नेहमी’ तो मुद्दाम खरा ठेवतो. ओळखायचं कसं, तर तो शब्द कशावर बसलाय ते बघायचं. व्याख्येवर बसला असेल तर विधान बहुधा खरं असतं. माणसं किंवा कामं कशी वागतात यावर बसला असेल तर एक अपवाद शोधायचा. एक सापडला की खेळ संपला.

याच्या शेजारी त्याचा लबाड भाऊ उभा असतो : ‘प्रकल्प तात्पुरता असतो, म्हणून त्यातून तयार होणारी वस्तूही तात्पुरती असते.’ पहिला अर्धा भाग इतका ओळखीचा की मान डोलते, आणि डोलता डोलता दुसऱ्या अर्ध्यालाही होकार जातो. पूल बांधण्याचं काम संपतं. पूल राहतो (किमान राहावा). ‘म्हणून’ आणि ‘कारण’ दिसले की विधानाचे दोन तुकडे करायचे, दोन्ही तपासायचे आणि मग दोघांमधला सांधाही तपासायचा. तिन्ही ठीक असतील तरच ‘बरोबर’.

आता खरा सापळा. क्रिटिकल पाथ. पेपर काढणाऱ्यांचं हे लाडकं कुरण, कारण इथे खरं आणि खोटं विधान एका वाक्यात शेजारी झोपतात. सोसायटीचा जिना रंगवायचा आहे असं धरू. परांची बांधायला 3 दिवस. ती झाली की दोन कामं एकाच वेळी सुरू : भिंती घासून पुट्टी मारायला 6 दिवस आणि गळके पाइप दुरुस्त करायला 5 दिवस. दोन्ही उरकली की रंगाला 2 दिवस. पुट्टीवाला रस्ता 3 + 6 + 2 म्हणजे 11 दिवसांचा, पाइपवाला 10 दिवसांचा. लांब तो क्रिटिकल, म्हणजे काम 11 दिवसांत होणार. प्लंबरने एक दिवस दांडी मारली तरी चालेल; तो एक दिवस त्याचा फ्लोट.

आता विधान : ‘क्रिटिकल पाथवरचं काम 3 दिवसांनी कमी केलं, तर प्रकल्प 3 दिवसांनी लवकर संपतो.’ जादा माणसं लावून पुट्टी 6 वरून 3 दिवसांवर आणली. तो रस्ता झाला 8 दिवसांचा. पण पाइपवाला 10 वर तसाच बसलाय, आणि रंगारी त्याच्यासाठी खोळंबलाय. वाचला एकच दिवस. उरलेल्या दोन दिवसांची जादा मजुरी पाण्यात. विधान चूक. पण पुट्टी एकाच दिवसाने कमी केली असती तर प्रकल्पही एका दिवसाने कमी झाला असता आणि विधान खरं ठरलं असतं. म्हणूनच पेपरवाले ‘नेहमी’ हा शब्द न वापरताही ‘नेहमी’ म्हणू शकतात.

याच जिन्यावर आणखी एक : ‘क्रिटिकल पाथवर फ्लोट नेहमी शून्य असतो.’ पुस्तकात इतक्यांदा शून्य वाचलेलं असतं की हात थांबत नाही. पण गणपती 9 दिवसांवर आले आणि चेअरमननी तीच मुदत ठरवली, तर 11 दिवसांच्या रस्त्यावर फ्लोट होतो उणे 2. मुदत 13 दिवसांची दिली तर अधिक 2. शून्य फक्त तेव्हाच, जेव्हा मुदत आपल्याच हिशोबाने धरलेली असते. ‘क्रिटिकल पाथ एकाहून अधिक असू शकतात’ हे मात्र खरं. ‘असू शकतात’ म्हणणारं विधान खोटं पाडणं फार कठीण.

बहुपर्यायी प्रश्नांत छळाचा प्रकार वेगळा. तिथे चारपैकी दोन पर्याय वेडगळ असतात आणि उरलेले दोन जुळे. ग्राहक फोन करून म्हणतो, ‘अजून एक रिपोर्ट जोडून द्या.’ मॅनेजरने आधी काय करावं? ‘करून टाका’ आणि ‘ठणकावून नाही म्हणा’ हे दोन वेडगळ. उरले ‘बदलाचा वेळ-खर्चावर काय परिणाम होईल ते तपासा’ आणि ‘चेंज रिक्वेस्ट मंजुरीला पाठवा’. दोन्ही कामं करायचीच आहेत! पण प्रश्नात ‘आधी’ आहे, म्हणून बहुतेक वेळा तपासणं जिंकतं; परिणाम न बघता समिती मंजूर तरी काय करणार? प्रश्नात ‘परिणाम तपासून झाल्यावर’ एवढे शब्द घाला, उत्तर उलटं. ‘मंजुरी मिळाली आहे’ असं घाला, दोन्ही बाद : आता आराखडा सुधारायचा. आणि टीम स्क्रमने, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत, काम करतेय असं एका कोपऱ्यात लिहिलेलं असेल, तर मागणी बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत, जाते आणि प्रॉडक्ट ओनर तिचा क्रम लावतो. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या परीक्षेच्या 2021 साली आलेल्या रचनेत जवळपास निम्मे प्रश्न स्क्रमसारख्या अजाइल किंवा हायब्रिड प्रकारचे होते, त्यामुळे तो कोपरा वाचायलाच हवा. त्या रचनेत 180 प्रश्नांना 230 मिनिटं होती, म्हणजे प्रश्नामागे सुमारे 77 सेकंद. यातली पहिली पाच शेवटची ओळ वाचण्यात घालवावी, कारण ‘आधी’, ‘पुढे’, ‘खालीलपैकी कोणतं नाही’ हे शब्द तिथेच दबा धरून असतात.

आकडे असले की सगळ्यांना हायसं वाटतं. तेच चुकतं. बजेट 10 लाख, काम झालं 40 टक्के, खर्च झाला 5 लाख. प्रकल्प संपेपर्यंत एकूण किती लागतील? पर्याय : साडेसात लाख, 8 लाख, 11 लाख, साडेबारा लाख. यातला एकही आकडा हवेतून आलेला नाही. झालेल्या कामाची किंमत 4 लाख, भागिले खर्च 5 लाख, म्हणजे CPI 0.8. दहाला 0.8 ने भागायचं तिथे गुणलं की 8 लाख. पर्याय समोर हजर, आणि आपण खूश. साडेसात हे ‘अजून किती लागतील’ याचं उत्तर, जे कुणी विचारलेलंच नाही. राहिले 11 आणि साडेबारा, आणि ही जोडी गणिताने फुटत नाही. आतापर्यंतचा उधळेपणा पुढेही असाच चालणार असेल, तर 10 ला 0.8 ने भागून साडेबारा. तो एकदाच घडलेला अपघात असेल आणि पुढचं काम ठरल्या भावात होणार असेल, तर झालेला खर्च 5 अधिक उरलेलं काम 6, म्हणजे 11. कोणतं धरायचं, हे प्रश्नातलं एक वाक्य सांगतं.

चौकातल्या उड्डाणपुलाचा कंत्राटदार दर पावसाळ्यानंतर दुसऱ्या पद्धतीनेच हिशोब मांडतो.