मी सगळ्यांचा फोटो काढून टाकतो

आमचा इंग्रजी संभाषणाचा ऑनलाइन वर्ग. शेवटच्या तासाला सगळ्यांचा एक फोटो हवा म्हणून मी उत्साहानं म्हणालो, "आय विल रिमूव्ह एव्हरीवन्स फोटो." क्षणभर शांतता. मग एका बाईंनी घाबरून विचारलं, "का? आमचं काय चुकलं?"

मराठीत फोटो 'काढतात', काढणे म्हणजे रिमूव्ह. हिशेब चोख होता, फक्त इंग्रजीला तो मान्य नव्हता.

वर्गातला जर्मन गृहस्थ मदतीला धावला. "ही वॉन्ट्स टू मेक अ फोटो!" तोही चुकला, पण कुणी दचकलं नाही. त्याच्या भाषेत फोटो 'माखेन', म्हणजे 'करतात'. इटालियन बाईंकडेही करतातच. फ्रेंच माणसाकडे मात्र 'घेतात', त्यामुळे त्याचं 'टेक अ फोटो' आयतंच बरोबर आलं. तो पाच मिनिटं ऐटीत होता. मग "आता मी मेक अ वॉक" म्हणून उठला, कारण फेरफटका त्याच्याकडेही 'करतात'.

शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं ते असं: या जोड्यांना कोलोकेशन म्हणतात. फोटो, फेरफटका, चूक ही नामं आपण जपून निवडतो, कारण अर्थ त्यांच्यात असतो. शेजारचं क्रियापद जवळजवळ पोकळ असतं. 'टेक'मध्ये इथं कुणी काही उचलत नाही. पोकळ शब्दाकडे लक्ष जात नाही आणि तिथं गुपचूप मातृभाषा येऊन बसते. व्याकरण शाबूत असतं, ऐकणाऱ्याला कळतं, म्हणून 'मेक अ फोटो' वर्षानुवर्षं कुणी दुरुस्त करत नाही. माझं 'रिमूव्ह' एका दिवसात सुटलं, कारण माणसं घाबरली!

उपायही त्यांनीच सांगितला. वहीत 'टेक'चे अर्थ लिहायचे नाहीत. 'फोटो' लिहून त्यापुढे त्याचं क्रियापद लिहायचं, शब्दकोशातही नामाखालीच शोधायचं. सोयरीक नामाच्या घरी जाऊन विचारायची, क्रियापद कुठंही नांदतं.

जर्मन गृहस्थाला आता मराठीची उत्सुकता लागली. "तुमच्या काढणेचा नेमका अर्थ काय?" मी सांगायला बसलो. चित्र काढतो, कर्ज काढतो, खोडी काढतो, समजूत काढतो, कसेबसे दिवस काढतो, दुपारी झोप काढतो. "म्हणजे यात समान काय?" त्यानं विचारलं. मी बराच वेळ छताकडे पाहिलं. जन्मभर बिनचूक वापरतोय, पण सांगता येईना. शेवटी म्हणालो, "आणि खूप हसलो की दात काढतो."

हे त्यानं मनापासून लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात वर्ग सुरू होताच तो कॅमेऱ्याकडे झुकला आणि अत्यंत प्रेमळ आवाजात मराठीत म्हणाला, "आज विनोद सांगणार. मी तुमचे सगळे दात काढतो."