गाडी किती झुकली ते कळतं, रस्ता किती धरतोय ते नाही

"कॉर्नरिंग एबीएस असलेली गाडी फुल लीनमध्ये असताना पुढचा ब्रेक दणकून दाबला तरी पडत नाही. सेन्सर डायरेक्ट अँगल मोजतो, पुढचं कम्प्युटर बघून घेतो. पाऊस असेल तर रेन मोड टाका, विषय संपला."

कॉर्नरिंग एबीएस, म्हणजे झुकलेल्या गाडीतही ब्रेक सांभाळणारी सिस्टीम, हिच्याबद्दल असं सर्रास ऐकू येतं, पण ते पूर्ण खरं नाही. सेन्सरपासून सुरू करतो. बऱ्याच जणांना वाटतं की आत गवंड्याच्या पाणसळीसारखं काहीतरी असतं, गाडी तिरकी झाली की बुडबुडा सरकतो. पण नीट वळणाऱ्या बाइकवर गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा बाहेरचा ओढा मिळून जो जोर येतो तो बाइकच्या उभ्या रेषेतच पडतो, त्यामुळे टाकीला फोन चिकटवून लेव्हलचं अ‍ॅप लावलंत तर गाडी मस्त झोपलेली असताना पण ते जवळपास शून्य दाखवेल. म्हणून या सेन्सरमध्ये, म्हणजे आयएमयूमध्ये, गायरो लागतात. ते अँगल नाही, तर गाडी किती वेगाने झुकतेय आणि वळतेय ते मोजतात, आणि अँगल त्यावरून हिशेबाने काढला जातो. या हिशेबात बारीक चूक साठत जाते, ती सुधारायला चाकांचा स्पीड वापरतात, कारण गाडीचा वेग आणि वळण्याचा दर माहीत असला की ती साधारण किती झुकलेली असायला हवी ते काढता येतं. म्हणजे चाकाचा स्पीड सेन्सर गेला, एबीएसचा दिवा पेटून राहिला, की आयएमयू ठणठणीत असला तरी कॉर्नरिंगचा भरवसा धरू नका.

आता ब्रेक. एक वळण घेऊ, ६० मीटर त्रिज्येचं, वेग ताशी ७२. इथे गाडी साधारण ३४ डिग्री झुकते आणि टायर बाजूच्या पकडीतच ०.६८ जी, म्हणजे गाडीच्या वजनाच्या ०.६८ पट जोर, खर्च करतो. कोरड्या चांगल्या डांबरावर एकूण पकड १ जी धरा, तर ब्रेकला उरते सुमारे ०.७३ जी. (वजाबाकी करून ०.३२ काढू नका, बाजूची आणि पुढची पकड काटकोनात असतात, त्यामुळे पायथागोरस लागतो.) बरीच आहे की! म्हणून कोरड्यात ही सिस्टीम खरंच जादू वाटते, ते मी नाकारत नाही. २०१४ च्या केटीएम ११९० अ‍ॅडव्हेंचरवर बॉशची ही सिस्टीम आली तेव्हा लोक उगाच थक्क झाले नव्हते.

पण तोच रस्ता ओला झाला आणि पकड ०.७ वर आली की ब्रेकला उरते फक्त ०.१७ जी. पकड तीस टक्के कमी झाली पण ब्रेकचा वाटा पावपेक्षा खाली गेला, आणि पकड ०.६ असेल तर हे वळण या वेगात जमणारच नाही, ब्रेकला हात लावायच्या आधीच चाक सुटेल. हा ०.७ का ०.६ चा आकडा आयएमयूला दिसतच नाही. त्याला फक्त ३४ डिग्री दिसतात. रस्ता किती धरतोय हे चाक घसरायला लागल्यावरच कळतं.

सरळ चालताना असं घसरणं ओळखून प्रेशर सोडायला वेळ मिळतो. झुकलेलं असताना पुढचं चाक घसरलं म्हणजे बाजूची पकड पण गेली, त्यामुळे सिस्टीम आधीच सावध राहते: तुम्ही लिव्हर कितीही जोरात ओढा, ती व्हॉल्व्ह बंद करून प्रेशर हळूहळू चढू देते. याचा आणखी एक फायदा आहे. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक एकदम चावला की हँडल वळतं, गाडी उभी राहायला बघते आणि वळणाच्या बाहेर पळते, हे त्याने बरंच कमी होतं.

वरच्याच ओल्या वळणात वेग ७२ वरून ६५ झाला की उरलेली पकड ०.१७ वरून ०.४३ जी होते. म्हणजे पहिला एखादा सेकंद नाजूक, नंतर गाडी जशी उभी होत जाते तसा ब्रेक वाढवता येतो. थांबायचं अंतर मात्र सरळ रस्त्यापेक्षा जास्तच लागणार.

मागचं चाक घसरलं की इंजिनची ताकद कापणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलला पण लीन लागतो. झुकल्यावर टायरच्या कडेचा घेर कमी होतो, पुढच्या-मागच्या टायरचा आकार वेगळा असल्याने दोघांचा फरक पण वेगळा पडतो, तो वजा केला नाही तर काही न घसरता सिस्टीम पॉवर कापेल. म्हणून वेगळ्या प्रोफाइलचे टायर टाकलेत तर ट्रॅक्शन कंट्रोल विचित्र वागू शकतं.

रेन मोड तुमचा थ्रॉटल मवाळ करतो आणि ट्रॅक्शन कंट्रोलला लवकर जागं करतो, बऱ्याच गाड्यांत पॉवर पण कमी करतो. रस्ता सुकवत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकद कापतं, त्यामुळे थ्रॉटल बंद असताना पुढचं चाक सुटलं तर त्याच्याकडे कापायला काहीच नसतं. आणि ऑफरोड मोडमध्ये अनेक गाड्यांचं मागचं एबीएस आणि कॉर्नरिंगचं काम बंद होतं, तर डांबरावर यायच्या आधी मोड एकदा बघा.