दहावीतल्या चिरंजीवांस, पाडव्याच्या आधी

(पत्र त्याला वाचायला दिलं होतं. "टाक फेसबुकवर, पण माझं नाव नको," या अटीवर परवानगी मिळाली. म्हणून नाव नाही.)

चिरंजीव,

गेल्या वर्षी पाडव्याला सकाळी साडेसहाला तू बाल्कनीत काठी धरून उभा होतास आणि मी निऱ्या घालत होतो. तेव्हा तू विचारलंस, "बाबा, आपण हे खरंच सेलिब्रेट करायचं का?" आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरलास. गुढी म्हणजे संभाजी महाराजांचं भाल्यावर लावलेलं शिर, पालथा तांब्या म्हणजे ते मस्तक, साडी म्हणजे अमुक, असं ते रील होतं. मी "काठी नीट धर" एवढंच बोललो. चूक माझी. उत्तर येत नव्हतं म्हणून आवाज चढवला. वर्षभर ते डोक्यात राहिलं, म्हणून हे पत्र.

आधी त्यातलं खरं ते सांगतो. संभाजी महाराजांची हत्या फाल्गुन अमावास्येला झाली, ११ मार्च १६८९ ला. दुसरा दिवस पाडव्याचा. त्यांचे हाल करून मारलं, हेही खरं. त्यामुळे कुणाला त्या दिवशी गोडधोड घशाखाली उतरत नसेल, तर त्याची थट्टा करायची नाही. दुःख करणं वेगळं. पण "म्हणूनच गुढी सुरू झाली" हे विधान इतिहासाचं आहे, आणि त्याला तारखांनीच तपासावं लागतं.

ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९०. चौथ्या अध्यायात कृष्ण सांगतो की मी अवतार घेऊन काय करतो: "दोषांचीं लिहिलीं फाडीं । सज्जनांकरवीं गुढी । सुखाची उभवीं ॥" चोखोबांचा अभंग तुला पाठच आहे, शाळेच्या दिंडीत म्हणायचास: टाळी वाजवावी, गुढी उभारावी, वाट ही चालावी पंढरीची. चोखोबा मंगळवेढ्याला वारले १३३८ साली. म्हणजे महाराजांच्या हत्येच्या साडेतीनशे-चारशे वर्षं आधी मराठी माणूस आनंदाला "गुढी उभारणे" म्हणत होता. ज्या गोष्टीचा वाक्प्रचार होतो ती लोकांच्या डोळ्यांसमोर आधीपासून असते. पाहिलीच नाही अशा वस्तूवरून म्हण कशी पडेल?

आता तू वकिली करणार, मला माहीत आहे. "बाबा, त्या ओवीत पाडवा कुठे आहे?" नाही. बरोबर पकडलंस. ओवी आणि अभंग एवढंच सिद्ध करतात की गुढी होती आणि ती आनंदाची, जिंकल्याची खूण होती. पण रीलचा सगळा डोलारा गुढी हीच वस्तू १६८९ ला जन्मली यावर उभा आहे, आणि तो इथेच पडतो. शिवाय काठीचं म्हणशील तर महाभारतात, आदिपर्वात, उपरिचर वसू राजाची गोष्ट आहे. इंद्र त्याला वेळूची काठी देतो. वर्ष सरल्यावर राजा ती जमिनीत रोवतो, आणि दुसऱ्या दिवशी राजेलोक ती गंध, माळा, दागिन्यांनी सजवून उभी करतात. तोही उत्सव इंद्राचा आहे, आपला पाडवा जसाच्या तसा नाही. पण वेळू सजवून उभा करायचा ही कल्पना किती जुनी आहे ते कळतं. लांब कशाला, चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरच्या जोतिबाला सासनकाठ्या नाचतात त्या तू खांद्यावर बसून पाहिल्या आहेस. उंच वेळू, त्याला कापड, गुलाल. आपल्या मुलखाला उभी काठी नवी नाही.

राहिला पालथा तांब्या. "शुभकार्यात कलश कधी पालथा घालतात का?" हा रीलमधला सगळ्यात टाळ्याखाऊ प्रश्न. मीही त्याला क्षणभर अडखळलो होतो. मग तुझ्या आईने काय केलं आठवतं? तिने काठी तुझ्या हातात दिली, तांब्या दिला आणि म्हणाली, "लाव सुलटा." तू प्रयत्न केलास. तीन सेकंदांत तो माझ्या पायावर. काठीच्या टोकावर भांडं बसवायचं तर त्याचं तोंड खालीच येणार, दुसरी सोय नाही. पूजेचा कलश पाटावर असतो, त्यात पाणी असतं. इथे तांब्या काठीचा मुकुट आहे. माझा अंगठा त्या दिवशी सुजला, पण प्रश्न सुटला.

वर्षाबद्दल थोडं, कारण या वर्षी तू कॅलेंडर पाहून हसलास. शके १९४८, संवत्सराचं नाव "पराभव". "माझ्या रिझल्टच्या वर्षी?" घाबरू नकोस. साठ नावांचं चक्र आहे, प्रभवपासून क्षयपर्यंत, आणि ती रांगेने येतात. कुणी तुझे मार्क बघून नाव ठेवलेलं नाही. नववर्ष सरकायचं कारण मात्र समजून घे. बारा चांद्रमासांचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून पाडवा दर वर्षी अकराएक दिवस अलीकडे येतो. गेल्या वर्षी ३० मार्च होता, या वर्षी १९ मार्च. असाच सरकत राहिला तर काही वर्षांत भर थंडीत येईल. म्हणून साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालतात. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे पुढचा पाडवा एकदम ७ एप्रिलला.

याचा कडुनिंबाशी संबंध आहे, आणि हे मला तुझ्या आजीने शिकवलं, पंचांगाने नाही. कडुनिंबाला नवी पालवी फुटते ती तांबूस, मऊ. मग ती पोपटी होते, आणि मार्च-एप्रिलात मोहोर येतो, बारीक पांढरा, मधासारख्या वासाचा. पाडवा लवकर आला की आजी कुरकुरते, "अजून मोहोर नाही नीट." एप्रिलात आला की खूश. चटणीत तिला पानांपेक्षा मोहोर जास्त लागतो, कारण तो कमी कडू.

आणि आता तुझं गेल्या वर्षीचं पराक्रमकांड. तुला म्हटलं सोसायटीमागून डहाळा आण. तू भला मोठा आणलास, फुलांसकट. मी गुढीला बांधला पण. आजी चष्मा लावून जवळ गेली, पान हातात घेतलं आणि म्हणाली, "हा बकाण आहे. काढा आधी." फुलं जांभळट होती, तिथेच कळायला हवं होतं. कडुनिंबाची फुलं पांढरी असतात. दुसरी खूण पानात. कडुनिंबाचा एकच सरळ देठ, त्याला दोन्ही बाजूंनी कोयत्यासारखी वाकडी, करवतीच्या काठाची पानं. बकाणाच्या देठाला आधी बारीक फांद्या फुटतात आणि मग त्यांना पानं, म्हणजे पिसाला पिसं. नुसतं बांधलं असतं तर चाललं असतं, पण त्याचीच पानं आजीच्या वाटणात जाणार होती. बकाण विषारी आहे, फळं तर जास्तच. हे हसण्यावारी नेऊ नकोस.

वाटण असं: कोवळी पानं आणि मोहोर मिळून जेमतेम अर्धी मूठ, रात्री भिजवलेली हरभऱ्याची डाळ दोन चमचे, चिंचेचं बुटुक, गूळ सुपारीएवढा, ओवा, जिरं, चार मिरे, चिमूट हिंग, मीठ. पाट्यावर, नसेल तर मिक्सरच्या छोट्या भांड्यात. पानं जून घेतली तर कितीही गूळ घाल, कडूपणा जिभेच्या मुळाशी बसतो. प्रत्येकाला बोराएवढं, रिकाम्या पोटी. लहान बाळांना नाही.

"याने वर्षभर रक्त शुद्ध राहतं" असं तुला ग्रुपवर कुणी पाठवलं तर मला फॉरवर्ड करू नकोस. बोराएवढ्या चटणीने तीनशे पासष्ट दिवसांचं काम होत नसतं. शेजारच्या कर्नाटकात, आंध्र-तेलंगणात त्याच दिवशी उगादी असतो. तिथे आपल्यासारखी गुढी नाही, पण कडुनिंब आहे. कन्नडमध्ये "बेवु-बेल्ल" म्हणतात, कडुनिंब आणि गूळ. नव्या वर्षाची पहिली चव कडू आणि गोड एकत्र घ्यायची, बस. मला हे कारण पुरेसं वाटतं. याला शास्त्रीय करायची गरज मला कधी वाटली नाही.

या वर्षी काठी तुझी. मी फक्त बघणार. काठी आदल्या दिवशी धुऊन सुकवायची, ओली असेल तर कापड डागाळतं. खणाच्या किंवा साडीच्या बारीक निऱ्या घालून टोकाला घट्ट बांध, तिथेच कडुनिंब, आंब्याचा डहाळा, हार आणि साखरेची गाठी. सगळं बांधून झालं की तांब्या. आपल्या तांब्याचं तोंड रुंद आहे, म्हणून टोकाला आधी फडकं गुंडाळ, नाहीतर वाऱ्याला दिवसभर खडखड वाजतो आणि खालचे काका वर येतात. काठी नुसती टेकवायची नाही, ग्रिलला दोन ठिकाणी बांधायची: एक गुडघ्याच्या उंचीवर, एक खांद्याच्या. गेल्या वर्षी एकच गाठ होती आणि अकरा वाजता गुढी शेजाऱ्यांच्या कुंड्यांवर झुकली. विजेच्या तारेच्या बाजूला अजिबात नको. मावळायच्या आत धने-गूळ दाखवून उतरवायची. गाठीला तोपर्यंत मुंग्या लागतात, त्या झटकून मग खा.

आणि बुधवारी येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून सुतळी आण. घरातली संपली आहे. डहाळा मीच आणेन.

तुझा,
बाबा