छातीचा फोटो स्वच्छ, तरी टीबी? एका प्रतिक्रियेला उत्तर

«डॉक्टर, तुमचा लेख वाचून नुसती घबराट पसरेल. कंबर तर घरोघरी दुखते, आता सगळ्यांनी एमआरआय काढायचे का? माझ्या मेहुणीची थुंकी स्वच्छ, छातीचा फोटो स्वच्छ, तरी मानेतल्या गाठीला टीबी म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू केल्या. दोन महिने झाले, गाठ उलट वाढलीय. याला निदान म्हणायचं की धंदा?»

फुप्फुसाबाहेरच्या, म्हणजे गाठीच्या, मणक्याच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या टीबीवरच्या माझ्या लेखावर ही प्रतिक्रिया आली. तुमचा राग मी समजू शकतो, म्हणून आधी मेहुणीबद्दलच बोलतो. टीबीचे जंतू श्वासातून फुप्फुसात शिरतात, पण तिथेच थांबतात असं नाही. रक्तातून आणि लसिकावाहिन्यांतून ते गाठीत, हाडात, मेंदूच्या आवरणात जाऊन बसतात. तोवर फुप्फुसातली जखम बऱ्याचदा भरून आलेली असते. त्यामुळे गाठीच्या टीबीत थुंकी आणि फोटो स्वच्छ येणं नेहमीचंच आहे. जिथे आजार आहे तिथलाच नमुना तपासावा लागतो. मानेतली ही गाठ सहसा दुखत नाही, हाताला गरम लागत नाही. शेजारच्या गाठी एकमेकींना चिकटतात, पुढे मऊ पडतात आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर फुटून महिनोन्‌महिने वाहतात.

उपचार चालू असताना गाठ वाढणं, कधी नवीन गाठ दिसणं, हे बऱ्याच रुग्णांत होतं. औषधाने जंतू मरतात आणि त्यांच्या अवशेषांवर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते, म्हणून सूज येते. पण असं गृहीत धरून गप्प बसू नका. सुईने काढलेला नमुना सीबीनॅट या जंतूंचे जनुक शोधणाऱ्या तपासणीला आणि जंतू वाढवून बघणाऱ्या कल्चरला पाठवला होता का, आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडतं असं त्यात आलं का, हे फाईलमध्ये बघा. नसेल, तर पुन्हा सुई घालून नमुना पाठवायला सांगा, कारण औषधाला दाद न देणाऱ्या टीबीतही गाठ अशीच वाढते. तोवर गोळ्या बंद करू नका. आणि पू झाला म्हणून गाठीवर सरळ चीर देऊ देऊ नका, ती जखम लवकर भरत नाही. बाजूच्या चांगल्या कातडीतून सुईने पू काढता येतो.

आता कंबर. सगळ्यांनी एमआरआय काढावा असं माझं म्हणणं नाही. दिवसभर वाकून काम केलं, रात्री पाठ टेकली आणि बरं वाटलं, तर ते दुखणं बहुधा स्नायूंचं. मणक्याच्या टीबीत आडवं पडूनही दुखतं, रात्री जाग येते, आठवड्यागणिक वाढत जातं. सोबत वजन उतरतं, कधी संध्याकाळी कणकण असते, पण ताप नाही म्हणून टीबी नाही असं ठरत नाही.

आमच्याकडे आलेल्या एका तरुण बाईंचं असंच झालं. पाठीच्या मध्यावर तीन-चार महिने दुखत होतं, एक्स-रे नॉर्मल होता, मलम आणि वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. हाड साधारण तिसरा हिस्सा झिजल्याशिवाय साध्या एक्स-रेत नीट दिसत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मग चालताना पायातली चप्पल निसटायची आणि त्यांना कळायचंही नाही. मी एकेक मणका बोटाने ठोकत गेलो, तर एकाच जागी त्या कळवळल्या. एमआरआयमध्ये शेजारचे दोन मणके पुढच्या बाजूने खाल्लेले, मधली चकती आक्रसलेली आणि पुवाचा दाब मज्जारज्जूवर. सीटी स्कॅनवर बघत सुईने नमुना घेतला, टीबी निघाला. औषधं वर्षभर चालली, पायांत बळ परत आलं. पायातलं बळ कमी होणं किंवा लघवी अडणं ही त्याच दिवशी दवाखाना गाठायची लक्षणं आहेत.

मेंदूच्या आवरणाच्या टीबीत मात्र एवढा अवधी मिळत नाही. सुरुवात साधी असते: आठ-पंधरा दिवस बारीक ताप, न थांबणारी डोकेदुखी, उलट्या. मूल चिडचिडं होतं, खेळणं सोडून देतं. मोठा माणूस विसराळू, अबोल होतो आणि घरचे त्याला टेन्शन समजतात. एकाचं दोन दिसणं, तिरळेपणा, गुंगी ही पुढची पायरी. मान आखडण्याची वाट बघू नका, ती उशिरा आखडते. पाठीतलं पाणी तपासलं तर पेशी आणि प्रथिनं वाढलेली, साखर उतरलेली दिसते. त्यात जंतू इतके थोडे असतात की सीबीनॅट निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं म्हणता येत नाही, म्हणून दाट शंका असेल तर रिपोर्टसाठी न थांबता औषधं आणि सोबत स्टिरॉइड सुरू करतात. इथेच नातेवाईक अडतात, पाणी काढलं की पाय जातात म्हणतात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. तेव्हा डॉक्टरांनी पाणी काढायचं म्हटलं, तर दोन दिवस घरी विचार करायला जाऊ नका, तिथेच सही करा.